बाटलीचा फोटो आणि तळाचा आकडा

बाळाच्या दुधाच्या बाटलीचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो आणि खाली एकच ओळ असते: "ही कुठल्या कंपनीची आहे? चांगली आहे ना?" बाटली बहुधा बारशाला आलेली असते. खोका कुणीतरी कागदांबरोबर टाकून दिलेला असतो. मी प्लॅस्टिकच्या साच्यांच्या धंद्यात असल्यामुळे असे फोटो माझ्याकडे बरेच येतात. या एका ओळीत खरं तर दोन प्रश्न असतात. कंपनी कुठली, हा पहिला. बाटली कशाची केली आहे आणि ती कुणी तपासली आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं लोक धरून चालतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज: फोटो सर्चला टाकला की ब्रँड कळतो

फोटोवरून शोध घेतला की मोबाइल काय करतो? आकार, रंग आणि छपाई जुळणाऱ्या वस्तू समोर मांडतो. इथपर्यंत ठीक आहे. पण बाटलीचा आकार ही कुण्या एका कंपनीची मिरास नसते. एकच कारखाना एकाच साच्यातून बाटल्या काढतो आणि चार नावांनी चार जणांना विकतो. वर छापलेलं अस्वल किंवा ससा तेवढा बदलतो. त्यामुळे शोधात एकाच बाटलीची पाच नावं दिसली, तर त्यातलं खरं कुठलं हे विचारण्यात अर्थ नसतो. कधी पाचही खरी असतात.

नकली मालाची गोष्ट याहून वाईट. नक्कल केलेलीच असते ती अस्सल वाटावी म्हणून. मग फोटो अस्सल बाटलीशी जुळला, यातून काय सिद्ध झालं? नक्कल नीट जमली आहे, एवढंच. ज्या परीक्षेत नकली माल हमखास पास होतो, ती परीक्षा घेऊन उपयोग नाही.

तरी फोटो अगदीच निरुपयोगी नसतो. लोक बाटली समोरून, छान उजेडात, चित्र दिसेल अशी काढतात. मला हवी असते नेमकी उलटी बाजू. बाटली उपडी करा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी तळाला जवळजवळ समांतर धरून बाजूनं उजेड टाका. प्लॅस्टिकमध्ये उठवलेली अक्षरं सावलीमुळे उमटून दिसतात; समोरून फ्लॅश मारला की तीच गायब होतात. मग असाच फोटो निप्पल अडकवायच्या चकतीच्या आतल्या बाजूचा, टोपणाचा आणि निप्पलच्या खालच्या कडेचा काढा. निप्पलच्या कडेवर बऱ्याचदा दुधाच्या धारेचा क्रमांक आणि कंपनीची खूण असते.

उठवलेली अक्षरं आणि छापलेली अक्षरं यांत फरक करायला शिका. बाटलीच्या अंगावरची छपाई शेवटी होते, कुणीही काहीही छापू शकतो. उठवलेली खूण साच्याच्या पोलादात कोरलेली असते. ती बदलायची तर साचा उघडून त्याचा तुकडा बदलावा लागतो, म्हणून तिच्यावर थोडा जास्त विश्वास. थोडाच, कारण साचासुद्धा नक्कल करून बनवता येतो.

गैरसमज: तळाला ५ असेल तर चांगली, ७ असेल तर विषारी

तळाला त्रिकोणात जो आकडा असतो तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं ही पद्धत आणली, ती कचरा वेगळा करणाऱ्यांसाठी. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, म्हणजे पीपी. दुधाच्या बाटल्यांत सगळ्यात जास्त तेच वापरतात; किंचित दुधाळ, पूर्ण पारदर्शक नसलेलं. पण ५ हा गुण नाही आणि ७ हा अवगुण नाही. बादलीवरसुद्धा ५ असू शकतो.

७ म्हणजे "इतर". पहिल्या सहांत जे बसत नाही, ते सगळं या एका आकड्यात कोंबलेलं आहे. ज्यामुळे सगळा गदारोळ झाला ते पॉलिकार्बोनेट ७ मध्ये येतं. ते बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, या रसायनापासून बनतं आणि गरम पाणी, उकळणं, ब्रशनं घासणं यामुळे त्याचे अंश दुधात उतरू शकतात. पण मधाच्या रंगाचं महागडं पीपीएसयू हेही ७ मध्येच येतं, आणि काचेसारखं स्वच्छ दिसणारं ट्रायटनही. तेव्हा नुसता ७ वाचून चांगलं-वाईट काहीच ठरत नाही. त्रिकोणाखाली अक्षरं आहेत का ते पाहा. "पीपीएसयू", "पीईएस", "पीसी" असं काही लिहिलं असेल तर माहिती मिळाली. नुसता ७ असेल तर बनवणाऱ्यानं तुम्हाला काही सांगितलेलंच नाही.

आणखी एक घोळ मला फोटोंत नेहमी दिसतो. तळाला गोलात किंवा नुसताच एक आकडा असतो, ३ किंवा ६, आणि लोक घाबरून विचारतात की ३ म्हणजे पीव्हीसी ना? बहुतेक वेळा तो साच्यातल्या खणाचा क्रमांक असतो. एका साच्यात एकाच वेळी चार किंवा आठ बाटल्या निघतात; कुठल्या खणातली बाटली बिघडतेय हे कळावं म्हणून प्रत्येक खणाला नंबर देतात. त्याच्या शेजारी घड्याळासारखी छोटी चकतीही असते. कडेनं १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि दोन आकडी साल. बाण ९ कडे आणि मध्ये २२ असेल तर सप्टेंबर २०२२. ही बाटली काढल्याची तारीख. ती बाटली किती दिवस टिकेल हे सांगत नाही. त्रिकोण असेल तरच तो प्लॅस्टिकचा आकडा, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा घोळ मिटतो.

एक बाटली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझ्या एका मावसबहिणीनं नातवाला आलेल्या बाटलीचे फोटो पाठवले. रुंद तोंडाची, दोन्ही बाजूंना कान असलेली, फिक्या मधाच्या रंगाची. अंगावर चंदेरी अक्षरांत "पीपीएसयू" आणि खाली "बीपीए फ्री". खोका नव्हता. तिच्या मुलानं फोटोवरून शोध घेतला होता. एक नावाजलेली परदेशी कंपनी पहिली दिसली म्हणून घरात सगळे खूश होते.

मी तळाचा फोटो मागितला. त्रिकोणात ७ होता, खाली अक्षरं नव्हती. गोलात ४, तो खणाचा क्रमांक. तारखेची चकती होती. कंपनीचं नाव मात्र तळावर, निप्पलच्या चकतीत, टोपणात कुठेच उठवलेलं नव्हतं. नावाजलेली कंपनी सहसा आपलं नाव कोरायला विसरत नाही. पण एवढ्यावरून बाटली बनावट ठरवणं म्हणजे घाई झाली असती. ७ आणि पीपीएसयू हे एकमेकांशी जुळतही होतं, आणि रंगही तसाच होता.

म्हणून तिला घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी सांगितली. निप्पल, चकती, कान, सगळं काढून फक्त बाटली घ्यायची. पाण्यानं भरलेल्या बादलीत ती तिरकी करून बुडवायची, आतली सगळी हवा जाऊ द्यायची, अंगाला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसायचे आणि मग सोडून द्यायची. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं. त्याची घनता साधारण ०.९. ते वर येतं. पीपीएसयूची घनता सुमारे १.२९, पॉलिकार्बोनेटची १.२, ट्रायटनची १.१८ च्या आसपास. ही सगळी तळाला जातात.

बहिणीची बाटली वर आली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा वर आली.

म्हणजे ते पीपीएसयू नव्हतं. पीपीमध्ये मधाचा रंग मिसळून वर महाग प्लॅस्टिकचं नाव छापलेलं होतं, आणि त्रिकोणातला ७ सुद्धा खोटाच. आता गंमत पाहा: पीपी हे दुधाच्या बाटलीला चालणारं प्लॅस्टिक आहे. बाटली प्रामाणिकपणे ५ लिहून स्वस्तात विकली असती तर मी हरकत घेतली नसती. पण जो माणूस प्लॅस्टिकचं नाव खोटं छापतो, त्यानं रंग कुठला घातला, कच्चा माल नवा होता की भंगारातला, यावर कशाच्या आधारानं विश्वास ठेवायचा? बाटली झाडांना पाणी घालायला गेली. फोटोतून हे कधीच कळलं नसतं, कारण फोटोत ती बाटली हुबेहूब होती.

या तपासणीची मर्यादाही सांगतो. बाटली तरंगली तर ती पीपी किंवा त्याच्या जातीचं पॉलिथिन, एवढं कळतं. बुडाली तर ती नेमकी कशाची हे कळत नाही. पॉलिकार्बोनेट आणि ट्रायटन दोन्ही बुडतात, दोन्ही काचेसारखी दिसतात, दोन्हींवर ७ असतो. डोळ्यांनी त्यांतला फरक मलाही ओळखता येत नाही. म्हणून स्वच्छ पारदर्शक, न फुटणारी, नुसता ७ असलेली आणि खोका नसलेली बाटली वापरू नका, हाच माझा सल्ला असतो.

गैरसमज: "बीपीए फ्री" लिहिलंय, म्हणजे तपासलेली आहे

हे वाक्य छापायला कुणाची परवानगी लागत नाही. तो विकणाऱ्याचा दावा असतो. शिवाय पीपीच्या बाटलीवर ते लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं, कारण पीपी बनवताना बीपीए लागतच नाही. दुसरीकडे पीईएस नावाचं मधाळ रंगाचं एक प्लॅस्टिक बिस्फेनॉल एस या चुलत रसायनापासून बनतं. त्या बाटलीवर "बीपीए फ्री" लिहिलं तर अक्षरशः खरं, पण वाचणाऱ्याला वाटतं तेवढं सांगणारं नाही.

भारतात कायद्याचं म्हणणं वेगळ्या खुणेबद्दल आहे. १९९२ चा शिशुदुग्ध पर्याय आणि दुधाच्या बाटल्यांविषयीचा कायदा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, सांगतो की दुधाच्या बाटलीच्या खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, म्हणजे आपला ओळखीचा आयएसआय मार्क, असल्याशिवाय ती विकता येत नाही. बाटलीच्या व्याख्येत निप्पलही येतं. याच कायद्यानं बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. टीव्हीवर बाळाच्या साबणाची जाहिरात दिसते आणि बाटलीची दिसत नाही, ती यामुळे. हेतू साधा आहे: आईचं दूध मागे पडू नये. आपल्याकडची जुनी बोंडली आणि वाटी-चमचा डॉक्टर अजूनही सुचवतात, कारण धुवायला ते सोपे.

प्लॅस्टिकच्या बाटलीचं मानक आयएस १४६२५. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीनं पॉलिकार्बोनेटला बाटलीतून बाहेर काढलं. युरोपीय संघानं ते २०११ मध्येच केलं होतं, अमेरिकेनं २०१२ मध्ये. म्हणून थोरल्याची जपून ठेवलेली बाटली धाकट्याला काढताना थांबा. ती काचेसारखी चकचकीत असेल आणि २०१५ च्या आधीची असेल, तर तिच्या मजबुतीचं कौतुक करत बसू नका. ती मजबुती बहुधा पॉलिकार्बोनेटचीच असते.

आता आयएसआय मार्क कसा वाचायचा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक हवा, आयएस १४६२५. खाली सीएम/एल आणि त्यापुढे परवान्याचा क्रमांक. नुसतं चिन्ह आणि वर-खाली काही नाही, अशी खूण छापणारे खूप आहेत. ती खूण नाहीच असं समजा. क्रमांक असेल तर मानक ब्यूरोचं "बीआयएस केअर" हे अॅप घ्या, परवाना तपासायच्या जागी तो टाका. परवाना कुणाचा, पत्ता कुठला, कुठल्या मानकासाठी आणि आज चालू आहे की नाही, हे समोर येतं. इथे लोक एका ठिकाणी अडखळतात. अॅपमधलं नाव ब्रँडच्या नावाशी जुळत नाही म्हणून घाबरतात. परवाना बनवणाऱ्या कारखान्याच्या नावे असतो, विकणाऱ्याच्या नव्हे. खोक्यावर "उत्पादक" म्हणून जे नाव आणि पत्ता आहे त्याच्याशी जुळवा. आणि मानकाचा क्रमांक नक्की पाहा. परवाना खरा, चालू, पण भलत्याच वस्तूचा, असाही प्रकार असतो. भारतात विकायला आणलेल्या परदेशी बाटलीलाही ही खूण लागते. परदेशी कारखान्यांना ब्यूरो वेगळ्या योजनेखाली परवाना देतो.

दुबईहून किंवा लंडनहून कुणी सामानातून आणलेली बाटली असेल तर तिच्यावर आयएसआय शोधू नका. युरोपातल्या मालाच्या खोक्यावर ईएन १४३५० हे मानक शोधा.

बाकीच्या खुणा, थोडक्यात

पेला आणि काट्याचं चिन्ह म्हणजे वस्तू अन्नाला लागण्यासाठी बनवली आहे, एवढंच. ते चिन्ह डब्यावरही असतं आणि बाळासाठी म्हणून त्यात वेगळं काही नसतं. "एफडीए मान्यताप्राप्त" हे वाचून आपल्याकडे बऱ्याच जणांना राज्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं. खोक्यावर अभिप्रेत असते ती अमेरिकेची संस्था, आणि ती तयार बाटल्यांना ब्रँडनिहाय मान्यता देत नाही. सीई ही युरोपीय खूण खेळण्यांवर असते. पण चोखणी युरोपीय कायद्यात खेळणं नाही, आणि दुधाच्या साध्या बाटलीलाही ती लागत नाही. चोखणीवर मोठ्या अक्षरांत सीई दिसलं तर ते जमेला धरण्याऐवजी शंकेला जागा समजा. बारकोडची सुरुवात ८९० नं झाली म्हणजे माल भारतात बनला, हाही असाच समज. तो क्रमांक कंपनीनं बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतो. माल कुठला ते "मूळ देश" या ओळीत वाचा. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि ती ओळ असणं सक्तीचं आहे.

चोखणी: इथे मात्र फोटो कामाला येतो

१९९२ च्या कायद्याच्या व्याख्येत बाटली आणि निप्पल आहे, चोखणी नाही. त्यामुळे पॅसिफायरवर आयएसआय मार्क नाही म्हणून तो बेकायदा ठरत नाही, आणि आपल्याला स्वतःच जास्त पाहावं लागतं. सुदैवानं चोखणीचा मोठा धोका तिच्या रसायनात नसून आकारात असतो: गुदमरणं. आणि आकार फोटोत दिसतो. शेजारी पट्टी ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा.

अमेरिकेच्या नियमात ओठांवर टेकणाऱ्या चकतीला किमान दोन भोकं लागतात, अरुंद बाजूनं निदान ५ मिलिमीटरची. चकती चुकून तोंडात गेली तरी श्वास चालू राहावा म्हणून. चोखायचा भाग फार लांब नसावा. गळ्यात अडकवायची दोरी नको. अमेरिकेत पाकिटावर तसा इशाराच छापावा लागतो. युरोपच्या पाकिटावर ईएन १४०० हे मानक शोधा. जत्रेत मिळणाऱ्या, चमकी भरलेल्या, खडखड वाजणाऱ्या, तीन तुकडे जोडून केलेल्या चोखण्या पट्टीशेजारी ठेवल्या की भोकं नसणं किंवा टाचणीएवढी असणं लगेच दिसतं. तुकडे जोडलेले असतील तर प्रत्येक वेळी देण्याआधी चोखायचा भाग सगळ्या बाजूंनी जोरात ओढून पाहा.

चोखायचा भाग रंगहीन आणि बिनवासाचा असेल तर बहुधा सिलिकॉन. पिवळसर-तपकिरी आणि रबराचा वास असेल तर नैसर्गिक रबर. रबर मऊ, चिवट, पण उन्हानं आणि उकळण्यानं लवकर चिकट होतं, फुगतं; घरात कुणाला रबराची अॅलर्जी असेल तर ते टाळा. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण दात फुटल्यावर चावा बसला की चीर पडते आणि चीर वाढत जाऊन तुकडा निघतो. रबरात चिकटपणा दिसला किंवा सिलिकॉनमध्ये केसाएवढी चीर दिसली, तर ब्रँड कुठला हे विचारायची गरज उरत नाही. फेकून द्या.

बारशाला बाटली किंवा चोखणी देणार असाल तर खोक्यासकट द्या. आणि घरी आलेली असेल तर खोका टाकण्याआधी त्याच्या चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा. परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि मूळ देश हे सगळं त्या पुठ्ठ्यावरच असतं.